फुकट खेळातले हिरे: मुलांना विकताना रेष कुठे ओढायची?

मुलांसाठीच्या जाहिरातींचा विषय निघाला की बहुतेकांना कार्टूनच्या मध्ये लागणारी खेळण्यांची किंवा गोळ्या-चॉकलेटांची जाहिरात आठवते. त्या जाहिरातींवर कित्येक दशकं वाद झाले, कायदेही झाले. कॅनडातल्या क्वेबेक प्रांताने १९८० मध्ये तेरा वर्षांखालच्या मुलांना उद्देशून व्यापारी जाहिरात करण्यावर बंदी आणली. एका खेळणी कंपनीने तिला आव्हान दिलं, पण १९८९ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली. हा वाद समजायला सोपा होता, कारण कार्यक्रम एकीकडे असायचा, जाहिरात दुसरीकडे, आणि मधली भिंत दिसायची.

मोबाइलवरच्या फुकट खेळात ती भिंत नाही. खेळ हेच दुकान असतं आणि खेळातली पात्रं हेच विक्रेते. म्हणून मुलांना काय विकावं, कसं विकावं आणि रेष कुठे ओढावी या प्रश्नाचा सगळ्यात अवघड भाग आज इथे आहे. या लेखात आपण फक्त एवढाच भाग बघणार आहोत: खेळातली खोटी नाणी, म्हणजे हिरे, रत्नं, कॉइन्स वगैरे, ती कशी काम करतात, त्यांच्या बाजूने काय म्हणता येतं आणि विरोधात काय.

मुलाला नेमकं काय कळत नाही

“मुलं भोळी असतात” एवढं म्हणून भागत नाही. कोणत्या वयात काय कळतं, याचा बराच अभ्यास झालेला आहे. साधारण चार-पाच वर्षांपर्यंत मुलाला कार्यक्रम आणि जाहिरात हे वेगळे आहेत हेच नीट ओळखता येत नाही. त्यानंतर फरक दिसू लागतो, पण तो “ही गंमतशीर छोटी गोष्ट आहे” एवढाच. समोरच्याला आपल्याला काहीतरी विकायचं आहे आणि म्हणून तो फक्त चांगलंच सांगतोय, हे समजायला सात-आठ वर्षं उजाडतात. अमेरिकी मानसशास्त्र संघटनेच्या अभ्यासगटाने २००४ मध्ये आठ वर्षांखालच्या मुलांना उद्देशून केलेल्या जाहिरातींवर निर्बंध असावेत अशी शिफारस केली, ती याच आधारावर.

पण इथे एक मेख आहे. विक्रीचा हेतू कळणं आणि तो कळल्यावर स्वतःला आवरता येणं या दोन वेगळ्या क्षमता आहेत. दहा-अकरा वर्षांचं मूल तुम्हाला जाहिरात म्हणजे काय ते नीट समजावून सांगेल, आणि पाच मिनिटांनी त्याच जाहिरातीला भुलेल. जाहिरात टीव्हीवर असते तेव्हा निदान “ही जाहिरात आहे” अशी आठवण व्हायला जागा असते. खेळ ऐन रंगात आलेला असताना, हातात तीन सेकंद असताना आणि बरोबरचे मित्र पडद्यावर वाट बघत असताना ती आठवण होत नाही.

लहान मुलांच्या ॲपांमध्ये तर विक्रीसाठी वेगळंच माध्यम वापरलं जातं, ते म्हणजे पात्राशी जडलेली माया. पाच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीच्या १३५ ॲपांची अमेरिकेत तपासणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. ९५ टक्के ॲपांमध्ये कोणत्या ना कोणत्या स्वरूपाची जाहिरात आढळली. त्यातला सगळ्यात अस्वस्थ करणारा प्रकार असा, की मुलाने खरेदी केली नाही तर खेळातलं पात्र नाराजी दाखवतं, रडतंसुद्धा. मूल त्या पात्राला मित्र मानतं. मित्राला रडवायचं नसतं, हे त्याला घरी शिकवलेलं असतं. म्हणजे इथे मुलाच्या अज्ञानाचा नाही, त्याच्या चांगुलपणाचा वापर होतो. आमच्या मते हा प्रकार कोणत्याही बाजूने समर्थनीय नाही आणि याला “दुसरी बाजू” शोधत बसू नये.

हिऱ्यांचा हिशोब

आता खोट्या नाण्यांकडे येऊ. यातला गोंधळ आकड्यांतच दिसतो, म्हणून एक काल्पनिक पण नेहमीच्या पद्धतीचा खेळ घेऊन हिशोब मांडू.

समजा, खेळात हिरे तीन पुड्यांमध्ये मिळतात. ५०० हिरे ५ डॉलरला, १,१०० हिरे १० डॉलरला आणि २,८०० हिरे २३ डॉलरला. मुलाला आपल्या पात्रासाठी एक पोशाख हवाय, ज्याला खेळाडू “स्किन” म्हणतात. तिची किंमत १,२०० हिरे.

पहिला प्रश्न: या स्किनची किंमत किती डॉलर? मोठ्या माणसालाही कागद घ्यावा लागेल. मधल्या पुड्याच्या दराने गुणलं तर साधारण ११ डॉलर येतात. पण ११ डॉलर देऊन ती मिळतच नाही, कारण नेमके १,२०० हिरे कोणत्याच पुड्यात नाहीत. मधला पुडा घेतला तर १०० कमी पडतात. म्हणून त्याच्याबरोबर छोटा पुडाही घ्यायचा, म्हणजे एकूण १५ डॉलर आणि १,६०० हिरे. स्किन घेतली, ४०० उरले.

हे उरलेले ४०० हिरे म्हणजे या सगळ्या रचनेची किल्ली. त्यात काहीच मिळत नाही, पण ते वाया जावेत असंही वाटत नाही. पुढच्या आठवड्यात १,००० हिऱ्यांची दुसरी वस्तू येते. मुलाच्या डोक्यात हिशोब असा: “माझ्याकडे ४०० आहेत, फक्त ६०० हवेत.” पण ६०० चा पुडा नाही. पुन्हा १० डॉलरचे १,१०० घ्यावे लागतात आणि या वेळी ५०० उरतात. आतापर्यंत २५ डॉलर गेले, २,७०० हिरे घेतले, २,२०० वापरले. छोट्या पुड्याच्या भावाने पाच डॉलरचा माल खात्यात पडून आहे आणि तो परत पैशांत बदलता येत नाही. विक्रेत्याला मिळालेली ही बिनव्याजी उचलच म्हणायची, फक्त देणाऱ्याला आपण उचल दिली हे माहीत नसतं.

दुसरा परिणाम याहून सूक्ष्म आहे. खर्च करताना मनाला थोडं टोचतं, आणि ते टोचणं हाच आपला लगाम असतो. हिऱ्यांच्या पद्धतीत ते टोचणं एकदाच होतं, हिरे घेताना. वस्तू घेताना नुसता आकडा कमी होतो. त्यातच हेच हिरे खेळून, रोज हजेरी लावून थोडेथोडे फुकटही मिळत असले, तर कमावलेले कुठले आणि विकत घेतलेले कुठले हे मिसळून जातं. आणि काही खेळांमध्ये एकावर एक थर असतात: पैशांतून स्फटिक, स्फटिकांतून रत्नं, रत्नांतून सोडतीची तिकिटं. प्रत्येक थरावर दर वेगळा. चौथ्या पायरीवर उभं राहून पहिल्या पायरीची किंमत सांगणं गणितात हुशार असलेल्या मुलालाही जमत नाही.

दुसऱ्या बाजूचं म्हणणं

खेळ बनवणाऱ्यांकडे याची उत्तरं आहेत आणि ती सगळीच सबबी नाहीत.

एक, फुकट खेळ खरोखर फुकट असतो. बहुसंख्य खेळाडू कधीच एक पैसाही देत नाहीत आणि तरीही पूर्ण खेळ खेळतात. आधी पैसे भरून घ्यायच्या खेळात गरिबाघरचं मूल दाराबाहेर राहायचं, इथे ते आत येतं. पैसे देणारे थोडे लोक बाकीच्यांचा खर्च उचलतात. दोन, स्किनला “खोटी वस्तू” म्हणून हिणवणं बरोबर नाही. मित्रांमध्ये आपलं पात्र उठून दिसावं यात मुलाला जो आनंद मिळतो, तो नव्या बुटांमधून मिळणाऱ्या आनंदापेक्षा कमी खरा नाही. तीन, मधल्या नाण्यांचा काही व्यावहारिक उपयोग आहे. अगदी लहान रकमेचा प्रत्येक व्यवहार कार्डावरून केला तर व्यवहाराचं शुल्कच जड होतं, शिवाय खेळून मिळवलेलं बक्षीस आणि विकत घेतलेला माल एकाच मापात ठेवता येतो. चार, घरातल्या मोठ्यांचीही जबाबदारी असते. कार्डाचा क्रमांक मुलाने शोधून काढलेला नसतो.

यातली पहिली दोन कारणं आम्हाला पटतात. तिसरं अर्धं पटतं. शुल्क वाचवायला पुडे हवेत हे ठीक, पण ५०० आणि १,१०० च्या पुड्यांसमोर १,२०० ची वस्तू ठेवायला कोणतंही शुल्क भाग पाडत नाही. पुडे आणि किमती एकमेकांत बसतील असे ठेवणं फुकटात जमतं. ते मुद्दाम टाळलं जात असेल, तर कमाई गोंधळातून होते आहे हे स्पष्ट आहे.

चौथ्या कारणावर मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण “पालकांनी लक्ष द्यावं” हे वाक्य ऐकायला निर्विवाद वाटतं.

पंधरा मिनिटं

२०१४ च्या जानेवारीत अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने ॲपल कंपनीशी एक तडजोड जाहीर केली. कंपनीने ग्राहकांना किमान ३ कोटी २५ लाख डॉलर परत करायचे होते. तक्रार काय होती? मुलाने खेळात काही मागितलं, पालकाने ते पाहिलं, पटलं, पासवर्ड टाकला. इथपर्यंत पालक अगदी जबाबदार. पण एकदा पासवर्ड टाकला की पुढची १५ मिनिटं तो पुन्हा विचारला जात नसे, आणि त्या वेळात मूल कितीही वेळा खरेदी करू शकत असे. आयोगाचं म्हणणं, ही गोष्ट पालकांना सांगितलेलीच नव्हती. त्याच वर्षी गूगलने १ कोटी ९० लाख डॉलर परत करायचं मान्य केलं. तिथे ही मुदत ३० मिनिटांची होती.

जबाबदारीच्या मुद्द्याला इथे उत्तर मिळतं. पालकाने लक्ष दिलं होतं, परवानगीही दिली होती. पण त्याने एका खरेदीला होकार दिला, आणि यंत्रणेने तो पंधरा मिनिटांचा होकार धरला. जबाबदारी पार पाडायला माहिती लागते. ती दडवून ठेवणाऱ्याला “तुम्ही लक्ष का दिलं नाही” असं विचारता येत नाही.

याच आयोगाने २०२२ च्या डिसेंबरमध्ये फोर्टनाइट खेळ बनवणाऱ्या एपिक गेम्स या कंपनीविरुद्ध केलेली तक्रार आणखी बारकाईने वाचण्यासारखी आहे. त्यात बटणांच्या रचनेवर बोट ठेवलं होतं. खेळ झोपेतून जागा होत असताना, पडदा लोड होत असताना, किंवा एखादी वस्तू नुसती बघताना शेजारचं बटण दाबलं गेलं तरी खरेदी होऊन जायची. २०१८ पर्यंत तर कार्ड एकदा नोंदलेलं असलं की मुलाला नुसती बटणं दाबून नाणी घेता येत होती, कार्डधारकाने पुन्हा काही करावं लागत नसे. कंपनीने ग्राहकांना परत देण्यासाठी २४.५ कोटी डॉलर भरायचं मान्य केलं. मुलांच्या माहितीच्या गोपनीयतेबद्दलचा २७.५ कोटी डॉलरचा दंड त्याहून वेगळा.

“आत्ताच घे” आणि घड्याळ

युरोपीय संघाच्या २००५ च्या अनुचित व्यापारविषयक निर्देशात, कोणत्याही परिस्थितीत अनुचितच मानायच्या प्रकारांची एक यादी आहे. तिच्यातलं अठ्ठाविसावं कलम मुलांबद्दल आहे. जाहिरातीतून मुलाला थेट “हे विकत घे” किंवा “आईबाबांना घ्यायला सांग” असं म्हणायचं नाही. माल चांगला आहे की वाईट, दावा खरा आहे की खोटा, याच्याशी या कलमाचा संबंध नाही. आज्ञार्थ वापरला की नियम मोडला.

नेदरलँड्सच्या ग्राहक प्राधिकरणाने २०२४ च्या मे महिन्यात याच आधारावर एपिक कंपनीला एकूण सुमारे ११ लाख युरोचा दंड केला. दोन गोष्टी धरल्या. पहिली म्हणजे “आत्ता घे” अशा थाटाची वाक्यं. दुसरी म्हणजे दुकानातल्या वस्तूंवर उलटं चालणारं घड्याळ. वेळ संपली की वस्तू गेली असं वाटायचं, पण काही वस्तू घड्याळ शून्यावर आल्यानंतरही मिळत राहायच्या. कंपनीने हे निष्कर्ष मान्य केले नाहीत.

घड्याळाचा मुद्दा दोन्हीकडून बघण्यासारखा आहे. वस्तू खरोखर मर्यादित काळासाठी असेल, तर ते सांगणं ही माहितीच आहे. न सांगणं उलट अन्यायाचं. खोटं घड्याळ मात्र सरळ फसवणूक आहे, मोठ्यांसाठीसुद्धा. अवघड जागा या दोन्हींच्या मध्ये आहे: घड्याळ खरं, पण मुदत कंपनीनेच ठरवलेली, आणि ती इतकी तोकडी की शाळेतून घरी येऊन, आईबाबांना विचारून, त्यांनी विचार करून उत्तर देईपर्यंत संपावी. डिजिटल पोशाखाचा साठा संपत नसतो, त्याची टंचाई बनवलेली असते. घरात विचारायला जेवढा वेळ लागतो त्याहून कमी मुदत ठेवली, तर ती मुदत पालकांना वगळण्यासाठीच ठेवली असा निष्कर्ष काढायला हरकत नाही. नेदरलँड्समधल्या कारवाईनंतर कंपनीने तिथल्या अठरा वर्षांखालच्या खेळाडूंना ४८ तासांपेक्षा कमी काळ मिळणाऱ्या वस्तू दाखवणं थांबवलं. ४८ तास हा आकडा आम्हाला योग्य वाटतो. एक रात्र मध्ये जाते आणि रात्रीनंतर बऱ्याच वस्तू तितक्या हव्याशा राहत नाहीत.

मोठी माणसंही

इथवर मुलांबद्दल बोललो. पण त्याच युरोपीय निर्देशात “दुर्बल ग्राहक” ठरवताना वयाबरोबर शारीरिक-मानसिक व्याधी आणि भाबडेपणा हेही धरले आहेत, आणि एक अट घातली आहे: ही दुर्बलता विक्रेत्याला वाजवीपणे आधीच ओळखता यायला हवी. ही अट महत्त्वाची आहे. समोरच्या प्रत्येकाची मनःस्थिती दुकानदाराने जाणावी अशी अपेक्षा कोणी करत नाही. पण खेळ चालवणाऱ्याला काय काय दिसतं ते बघा. कोण रात्री तीन वाजता खेळतंय, कोणी एका तासात वीस वेळा खरेदी केली, कोणाची खरेदी हरल्यानंतर लगेच होते. दुकानदाराला माणूस दिसतो पण त्याचा इतिहास दिसत नाही. इथे माणूस दिसत नाही, इतिहास पूर्ण दिसतो.

हा प्रश्न सगळ्यात तीव्र होतो लूट बॉक्समध्ये. लूट बॉक्स म्हणजे बंद पेटी. पैसे द्यायचे, उघडायची, आत काय निघेल ते नशीब. समजा दुर्मीळ वस्तू निघण्याची शक्यता दर पेटीमागे १ टक्का आहे. बहुतेकांना वाटतं, शंभर पेट्या उघडल्या की ती मिळणारच. तसं नाही. शंभर पेट्यांनंतरही साधारण ३७ टक्के लोकांच्या हाती ती लागलेली नसते. मिळण्याची शक्यता ९० टक्क्यांपर्यंत न्यायची तर २३० पेट्या लागतात. एक पेटी २ डॉलरची धरली तर ४६० डॉलर. “१ टक्का” हा आकडा छापलेला असणं प्रामाणिकपणाचं आहे, पण त्यातून ४६० डॉलर कोणाला दिसत नाहीत.

२०१८ मध्ये सात हजारांहून अधिक खेळाडूंवर केलेल्या एका सर्वेक्षणात असं दिसलं, की जुगाराची समस्या जितकी गंभीर तितका लूट बॉक्सवरचा खर्च जास्त. यावरून लूट बॉक्स माणसाला जुगारी बनवतात असा अर्थ लगेच काढू नये. कदाचित जे आधीच जुगाराच्या विळख्यात आहेत तेच इकडे ओढले जात असतील. कारण कुठलं आणि परिणाम कुठला हे अशा सर्वेक्षणातून ठरत नाही. पण नैतिक प्रश्नाला याने फारसा फरक पडत नाही. पहिला अर्थ खरा असेल तर खेळ माणसाला आजारी पाडतोय, दुसरा खरा असेल तर आजारी माणसाकडून कमाई करतोय.

बेल्जियमने २०१८ मध्ये पैसे देऊन घ्यायच्या लूट बॉक्सना जुगार ठरवून प्रत्यक्षात बंदीच घातली. ऐकायला निर्णायक वाटतं. पण २०२२ च्या मध्यावर तिथल्या सर्वाधिक कमाईच्या १०० आयफोन खेळांची तपासणी झाली, तेव्हा ८२ खेळांमध्ये नशिबावर पैसे घेणारे प्रकार चालूच होते. नियम लागू करायला माणसं आणि पैसा लागतो, नवे खेळ रोज येतात, आणि नियम पाळणाऱ्या मोठ्या कंपन्या बाहेर पडल्या की जागा न पाळणाऱ्या घेतात. बंदीचे समर्थक या तपासणीकडे दुर्लक्ष करतात, ते बरोबर नाही.

२०२५ च्या जानेवारीत अमेरिकी आयोगाने गेन्शिन इम्पॅक्ट या खेळाच्या कंपनीशी केलेली तडजोड त्यामानाने वेगळ्या वाटेने गेली. २ कोटी डॉलर दंड झालाच, पण अटी बघण्यासारख्या आहेत. सोळा वर्षांखालच्यांना पालकांच्या संमतीशिवाय लूट बॉक्स विकायचा नाही. शक्यता आणि नाण्यांचे दर उघड करायचे. आणि लूट बॉक्स खेळातल्या नाण्यांवर विकत असाल तर तोच थेट खऱ्या पैशांत घेण्याची सोयही द्यायची. म्हणजे वस्तू काढून घेतली नाही, तिच्यावरचं धुकं काढायला सांगितलं.

आम्हाला रेष इथे ओढावीशी वाटते. विक्रेत्याने स्वतःलाच विचारावं: खरी किंमत खऱ्या चलनात दाखवली, दोन दिवसांचा वेळ दिला आणि प्रत्येक खरेदीला वेगळा होकार घेतला, तरी ही विक्री होईल का? होत असेल, तर मुलाला विकण्यात गैर काही नाही. अकरा वर्षांचं मूल साठवलेल्या पैशांतून स्किन घेतं, तेव्हा ते पैसे वापरायलाच शिकत असतं. यातलं काहीही केल्यावर विक्री कोसळणार असेल, तर आजवर विकला जात होता तो पोशाख नव्हे, गोंधळ होता. आठ वर्षांखालच्या मुलांच्या बाबतीत ही कसोटीसुद्धा अपुरी पडते, कारण त्यांना किंमत दाखवून उपयोग नसतो. तिथे खेळाच्या आत काही विकूच नये, पालकाला एकदा पूर्ण खेळ विकावा.

या मताची कमकुवत बाजूही सांगायला हवी. हे सगळं वय कळण्यावर उभं आहे आणि वय कळत नाही. जन्मतारीख विचारली की मुलं मागची तारीख टाकतात. कागदपत्रं मागितली की प्रत्येक खेळाडूची ओळख कुठेतरी साठते, आणि गोपनीयतेचं नुकसान सगळ्यांचंच होतं. म्हणून किंमत, मुदत आणि संमतीचे नियम शक्य तिथे सगळ्यांनाच लावावेत. मोठ्या माणसाचं त्यात काही बिघडत नाही आणि आपण दुर्बल आहोत हे कोणाला सिद्ध करत बसावं लागत नाही.

घरात काय करता येतं

नियम येतील तेव्हा येतील. तोवर खेळ मुलाच्या हातात देण्यापूर्वी काही गोष्टी करता येतात. ॲप जिथून घेतो त्या दुकानाच्या पानावर, खेळाच्या नावाजवळ In-App Purchases असं लिहिलेलं असतं. आयफोनवर त्याच पानाच्या खालच्या माहितीत विक्रीच्या वस्तू किमतींसह दिसतात. तिथे हिऱ्यांचे चार-पाच पुडे दिसले, तर या खेळाची कमाई कशावर चालते ते उघड आहे. मग खरेदीच्या सेटिंगमध्ये पासवर्ड “प्रत्येक वेळी” विचारला जाईल असं करावं, ठरावीक मिनिटांची मुभा देणारा पर्याय ठेवू नये. ॲपलच्या कुटुंब खात्यात Ask to Buy सुरू केलं तर मुलाची विनंती पालकाच्या फोनवर येते आणि तिथून होकार दिल्याशिवाय खरेदी होत नाही. आणि शक्य असेल तर खात्याला कार्ड न जोडता ठरावीक रकमेचं गिफ्ट कार्ड भरावं. मग चूक झालीच तरी तेवढ्याच रकमेची होते, आणि मुलाला शिल्लक किती हे खऱ्या पैशांत दिसतं.

मुलाने हिरे मागितले तर त्याच्याबरोबर बसून वरच्यासारखा हिशोब कागदावर करावा: वस्तू किती हिऱ्यांची, कोणते पुडे लागतील, किती उरतील, एकूण पैसे किती. उत्तर “नाही” द्यायचं असलं तरी हिशोब करावा. पुढच्या वेळी ते स्वतः करू लागतं.

न विचारता खरेदी झालीच, तर आधी ॲप ज्या दुकानातून घेतलं त्याच्याकडे रिफंड मागावा आणि कारण स्पष्ट लिहावं की खरेदी अल्पवयीन मुलाने परवानगीशिवाय केली. ॲपलसाठी हा अर्ज reportaproblem.apple.com वर करता येतो. पावतीचा ईमेल, तारीख आणि व्यवहार क्रमांक जवळ ठेवावा, आणि दिवस वाया घालवू नये, कारण उशीर झाला की नकाराची शक्यता वाढते. बँकेकडे व्यवहार नाकारण्याची तक्रार हा त्यानंतरचा मार्ग. तो थेट वापरला तर काही खेळ मुलाचं खातंच बंद करतात आणि आधी घेतलेल्या सगळ्या वस्तूही जातात. एपिकविरुद्धच्या तक्रारीत हाही एक मुद्दा होता, आणि वादग्रस्त रक्कम परत मागितली म्हणून खातं बंद करायला आयोगाच्या आदेशाने त्या कंपनीला मनाई केली.